कोकणातलं घर: कुठली रेंडर्स ठेवायची आणि खाली काय लिहायचं

मॉडेलिंग संपलं, टेक्श्चर्सचं शेपूट काय ते राहिलंय. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, उत्तरेला रस्त्याकडे तोंड केलेली पडवी आणि आत दहा बाय बाराचं माजघर. जागा रत्नागिरीच्या अलीकडची, नात्यातल्यांची, खरी. घर मात्र फक्त ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते कुणी बांधायला सांगितलेलं नाही आणि कुणी बांधणारही नाही. छोटा होमस्टे असता तर कसा दिसला असता, एवढीच हौस.

आता पोर्टफोलिओसाठी चित्रं निवडतोय. फोल्डरमध्ये ढीग आहे, पण ठेवायची मोजकीच. आधी सगळ्यात देखणी सहा बाजूला काढली आणि ती एका भाच्याला पाठवली. त्याने ती पुढे सरकवली असणार, कारण संध्याकाळी त्याच्या मित्राचा मेसेज आला: "काका, मस्त जागा आहे. डिसेंबरात चार जणांचं बुकिंग मिळेल का? रेट काय?" मग निवड पुन्हा नव्याने केली. या वेळी प्रत्येक चित्रासमोर एकच प्रश्न ठेवला: हे बघून माणूस नेमकं काय खरं धरून चालेल? ते खरं असेल तर चित्र राहील. नसेल तर एक तर चित्र बदलायचं, नाही तर खाली तसं स्पष्ट लिहायचं.

बिल्डरच्या माहितीपत्रकात तळाशी मुंगीच्या अक्षरात "चित्र केवळ प्रातिनिधिक" असं असतं ना, ते मला नको होतं. २०१६च्या रेरा कायद्यातलं कलम १२ खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क देतं, म्हणून ती ओळ तिथे येते. हौशी माणसाला कायद्याची भीती नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तेच वाक्य प्रत्येक चित्राखाली चिकटवलं की ते कशाबद्दलच काही सांगत नाही. कॅप्शनने त्या चित्रात नेमकं काय कल्पनेतलं आहे ते सांगावं.

पहिलं उदाहरण पडवीचं. माझं सर्वांत लाडकं रेंडर: खांबांवर सोनेरी ऊन, सूर्य क्षितिजापासून १२ अंश वर आणि पडवीच्या जवळजवळ समोर. प्रकाशाचा सराव म्हणून केलं होतं आणि तसं ते झक्कास आहे. पण पडवी उत्तरेला आहे. १७ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि दिवसभर घराच्या मागच्या बाजूनेच जातो. पडवीला उन्हाचा कवडसाही लागत नाही. जूनमध्ये तो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो, दुपारी उत्तरेकडे येतोही, पण तेव्हा तो ८३-८४ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो आणि पागोळीखालून आत शिरत नाही. शिवाय जूनमध्ये कोकणात ऊन शोधायचं म्हणजे कमालच. थोडक्यात, समोरून येणारं खालचं ऊन या पडवीत वर्षाच्या एकाही दिवशी येणार नाही.

Sun Position हे अॅड-ऑन लावलं, जागेचे अक्षांश-रेखांश भरले, नॉर्थ ऑफसेट प्लॅनशी जुळवला आणि तारीख पुढे सरकवत गेलो. मेच्या मध्यावर, सकाळी सातच्या सुमारास सूर्य १२ अंशांवर असताना किरण भिंतीला पंधरा-सोळा अंशांचा कोन करून येतात. त्यात खांबांच्या फक्त पूर्वेकडच्या बाजू उजळतात आणि जमिनीवर लांबलचक सावल्यांचे पट्टे पडतात. सोनेरी चित्राइतकं ते गोड दिसत नाही, पण चिऱ्याची भोकं आणि खडबडीतपणा याच तिरप्या उन्हात उठून दिसतो, आणि माझी खरी मेहनत तिथेच आहे. मुख्य चित्र हेच ठेवलं. कॅप्शन: "उत्तरेची पडवी, मेच्या मध्यावर सकाळी ७. सूर्याची जागा खऱ्या अक्षांश-रेखांशानुसार. घर संकल्पनेतलं, बांधलेलं नाही." सोनेरी चित्र शेवटी टाकलं, आणि खाली लिहिलं: "प्रकाशाचा सराव. या दिशेने ऊन या घरात येत नाही." ते काढून टाकायला मन धजलं नाही, आणि काढायची गरजही वाटली नाही. दिवे लावता येतात हे दाखवणं हासुद्धा पोर्टफोलिओचा भाग आहे. फक्त ते घराचं वर्णन म्हणून खपवायचं नाही.

दुसरं माजघर. इथे लेन्सचा खेळ आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत असूनही कॅप्शनमध्ये कधी येत नाही. खोली साधारण ३.०५ मीटर रुंद आणि ३.६६ मीटर खोल. कॅमेरा मागच्या भिंतीला जवळजवळ टेकवला, म्हणजे समोरची भिंत साडेतीन मीटरवर. सेन्सर ब्लेंडरचा नेहमीचा ३६ मिमी. १८ मिमी लेन्सने समोरची भिंत चित्राच्या रुंदीचा फक्त ४४ टक्के भाग घेते, बाकी सगळ्या बाजूच्या भिंती धावताना दिसतात. खोली दिवाणखान्याएवढी वाटते. २४ मिमीने तीच भिंत ५८ टक्के होते. ३५ मिमीने ८५ टक्के. मग बाजूच्या भिंतींचे शेवटचे पावणेदोन फूट तेवढे दिसतात आणि खोलीचा अंदाजच येत नाही.

म्हणून बरेच जण करतात तेच मीही करून पाहिलं: कॅमेरा भिंतीच्या दोन मीटर मागे नेला, ३५ मिमी ठेवली आणि मागच्या भिंतीच्या Ray Visibility मधली Camera ची खूण काढली. भिंत कॅमेऱ्याला दिसत नाही, पण उजेड अडवते आणि परतवते, त्यामुळे आतला प्रकाश खरा राहतो. समोरची भिंत ५२ टक्क्यांवर येते, पोटमाळ्याच्या तुळया ताणल्यासारख्या दिसत नाहीत, प्रमाण सगळ्यात पटण्यासारखं. आता यातलं प्रामाणिक कुठलं? १८ मिमीचं दृश्य खोलीत उभं राहून खरंच टिपता येतं, पण ते खोली फुगवतं. भिंतीमागचं दृश्य प्रमाण नीट दाखवतं, पण तिथे उभं राहता येत नाही.

माझा कौल असा. २४ मिमीचं, खोलीच्या आतून, डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेलं चित्र "माजघर" म्हणून, खाली "१० × १२ फूट, २४ मिमी" असं मापासकट. वाचणाऱ्याला लेन्स कळो न कळो, दहा बाय बारा प्रत्येकाला कळतं. १८ मिमीचं सरळ बाद. आणि भिंतीमागच्या चित्रात भिंत गुपचूप गायब करण्याऐवजी ती बुलियनने कापली आणि कापलेल्या कडा गडद भरल्या, छेदचित्रात भरतात तशा. आता ते बघताक्षणी छेद म्हणूनच वाचलं जातं. चित्र स्वतःच बोलत असेल तर कॅप्शनचं ओझं कमी होतं.

तिसरं सर्वांत नाजूक: जागेच्या खऱ्या फोटोत बसवलेलं घर. फोटो फोनचा. एफस्पायमध्ये कुंपणाच्या गडग्यावरून आणि शेजारच्या घराच्या कडांवरून लोपबिंदू जुळवले, कॅमेरा ब्लेंडरमध्ये आणला. बसलं छान. फोटोतलं आंब्याचं झाड, विजेचा खांब, वरून जाणाऱ्या तारा, सगळं ठेवलं. तारा पुसायला दोन मिनिटंही लागली नसती, पण खांब हलवणं माझ्या हातात नाही, मग चित्रातून तरी का हलवू? डावीकडचे माड मात्र मी चित्रात लावलेत, तेही वाढलेले, आणि खरं तर लावल्या दिवशी कुठलाच माड छपराच्या वर जात नाही.

लंडनमध्ये अशा फोटोमोंटाजसाठी महापौरांच्या नियोजनविषयक मार्गदर्शनात 'अॅक्युरेट व्हिज्युअल रिप्रेझेंटेशन' नावाची पद्धत आहे, तिच्या ० ते ३ पायऱ्या. शून्यावर इमारतीची जागा आणि आकारमान एवढंच, एकवर ती कितपत दिसेल तेही, दोनवर वास्तूचा घाट, तीनवर साहित्यसुद्धा. मला त्यातली गंमत ही वाटली की साहित्य कितीही हुबेहूब दिसलं तरी मुळात जागा आणि आकार मोजून बसवलेले असायला हवेत. माझं चित्र दिसायला तीनवरचं आहे आणि मोजणीच्या बाबतीत शून्यालाही पोचत नाही, कारण जमिनीचा उतार मी नजरेने धरलाय. म्हणून कॅप्शन: "जागेचा खरा फोटो, त्यात संकल्पनेतलं घर. उंची आणि जमिनीची पातळी अंदाजे, मोजणी केलेली नाही. माड नवे, दहा-बारा वर्षांनंतरच्या उंचीचे." लांब आहे, कबूल. पण याच चित्राखाली लोक "कुठे आहे?" विचारतात.

उरलेली दोन लवकर उरकतो. वायरफ्रेमचा तुकडा आणि झोपाळ्याचा क्लोजअप. क्लोजअपमध्ये झोपाळा आणि कड्या माझ्या, समई डाउनलोड केलेली, आभाळाची एचडीआरआय पॉलिहेवनची. तिथलं सगळं सीसी-झिरो, नाव द्यायची सक्ती नाही. पण पोर्टफोलिओ म्हणजे "हे मी केलं" असं म्हणणं, त्यामुळे समई माझी नाही हे लिहिलं. एका ओळीत मावतं.

कॅप्शन चित्रापासून सुटते, हे भाच्याच्या प्रकाराने दाखवलंच. त्यामुळे प्रत्येक चित्राच्या खालच्या कडेला क्रितामध्ये एक बारीक पट्टी जोडली: "संकल्पना, बांधलेलं नाही" आणि साल. पट्टी चित्रावर नाही, चित्राखाली. म्हणजे रचना बिघडत नाही, पण कापायची तर मुद्दाम कापावी लागते. फोनवर लहान करून पाहिली तेव्हा अक्षरं वाचता येईनात, म्हणून आकार वाढवला. कामाच्या रेंडर्सवर मात्र आउटपुटमधल्या Metadata खालचं Burn Into Image चालू ठेवतो, त्यात कॅमेरा आणि लेन्स यांवर खूण. कॅप्शन लिहिताना "हे २४ होतं की २८?" म्हणून फाईल उघडत बसावं लागत नाही.

पुढचं काम पावसाळी पडवी. ढगाळ आभाळाला दिशा नसते, त्यामुळे उन्हाची भानगड मिटते. ओल्या चिऱ्यासाठी रंग गडद करून रफनेस उतरवलाय, ते जमतंय. अडलंय ते कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांशी. सिम्युलेशनला माझं मशीन दम टाकतं, कर्व्हवर पातळ धारा केल्या तर त्या काचेच्या काड्यांसारख्या दिसतात. कुणी धारांसाठी मोशन ब्लर वापरून काही बरं केलं असेल तर शटरची किंमत सांगा.