मामांच्या माती अहवालाचा फोटो आणि एक एकर कांदा

शिरूर तालुक्यात माझ्या मामांची एक एकर बागायत आहे. रब्बी कांद्याच्या लागणीआधी त्यांनी माती तपासून घेतली आणि अहवालाचा फोटो मला हडपसरला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली निरोप होता, "कांद्याला काय टाकू ते लिहून दे. पुढच्या पावसाळ्यात भुईमूग करू का तेही सांग." मी कृषी पदवीधर, त्यामुळे घरातले असे फोटो माझ्याकडेच येतात.

सामू ८.३, क्षारता ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुना ११ टक्के, नत्र हेक्टरी १६५ किलो, पालाश ३४० किलो, जस्त ०.४२ पीपीएम, हे नीट वाचता येत होतं. अडलं दोन ठिकाणी. लोहाच्या आकड्यावर फ्लॅशची तिरीप आली होती. ३१ की ३.१ ते कळेना. आणि स्फुरदासमोर १८ होतं, पण तो आकडा कशाचा हे सांगणारं शीर्षक कागदाच्या घडीत गेलं होतं.

लोहाचं उत्तर शेतातच सापडलं. एवढा चुना आणि असा सामू असलेल्या जमिनीत पिकाला मिळणारं लोह ३१ असणं पटण्यासारखं नव्हतं. मी फोन करून विचारलं, "मामा, तुम्ही मागे भुईमूग केला होता, तेव्हा शेंड्याची पानं कशी दिसायची?" ते म्हणाले, "पिवळी पडायची गं, शिरा मात्र हिरव्या." ही लोहाच्या कमतरतेचीच खूण. तरी कागद सपाट ठेवून, उन्हाची तिरीप टाळून, पुन्हा फोटो काढायला सांगितला. आकडा ३.१ निघाला. ४.५ च्या खाली म्हणजे कमतरता.

स्फुरदाला असा अंदाज चालत नाही. काही अहवालांत आकडा निव्वळ फॉस्फरसचा असतो, काहींत P₂O₅ चा, आणि दोन्हींत २.२९ पटीचा फरक. १८ किलो फॉस्फरस म्हणजे मध्यम. १८ किलो P₂O₅ म्हणजे जेमतेम ८ किलो फॉस्फरस, म्हणजे कमी. नव्या फोटोत शीर्षक दिसलं: फॉस्फरस. मध्यम.

मग हिशेब सोपा होता. रब्बी कांद्याची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. माती एखाद्या अन्नद्रव्यात कमी असेल तर मात्रा पाव पट वाढवायची, भरपूर असेल तर पाव पट घटवायची, मध्यम असेल तर तशीच ठेवायची. मामांच्या मातीत नत्र कमी, स्फुरद मध्यम आणि पालाश भरपूर, त्यामुळे नत्र १२५, स्फुरद ५०, पालाश ३७.५. अडीचने भागलं की एकरी ५०, २० आणि १५ किलो.

मामा दरवर्षी १०:२६:२६ च्या तीन गोण्या टाकतात. त्यातून एकरी ३९ किलो पालाश जातं, आणि जमिनीत ते आधीच मुबलक आहे. मी सिंगल सुपर फॉस्फेट लिहून दिलं, कारण त्यातून कांद्याला लागणारं गंधकही मिळतं. अडीच गोण्या, म्हणजे १२५ किलोंतून २० किलो स्फुरद आणि सुमारे १४ किलो गंधक. म्युरेट ऑफ पोटॅश २५ किलो. युरिया साधारण १०९ किलो: निम्मा लागणीला, उरलेला दोन हप्त्यांत, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतर नत्र अजिबात नको. उशिरा युरिया दिला की कांद्याच्या माना जाड राहतात आणि चाळीत माल सडतो.

जस्तही कमी होतं, म्हणून त्यासाठी झिंक सल्फेट आणि लोहासाठी हिराकस, एकरी दहा-दहा किलो. पण हे कोरडं फेकायचं नाही. चुनखडीत लोह पडल्या पडल्या अडकून बसतं. शेणखतात कालवून आठवडाभर मुरवायचं आणि लागणीआधी वाफ्यांत मिसळायचं. सुपर फॉस्फेटमध्ये झिंक मिसळू नका, हेही ठळक लिहिलं.

सामू बघून दुकानदाराने मामांना जिप्सम घ्यायला सांगितलं होतं. ते मी खोडलं. इथला सामू मुक्त चुन्यामुळे चढलेला आहे, आणि जिप्समने तो उतरत नाही. जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथे सोडियम जास्त असतो, सामू बहुधा ८.५ च्या वर जातो आणि पाणी मुरत नाही. मामांच्या रानात पाणी छान मुरतं.

राहिला भुईमूग. या रानात तो मी सुचवला नाही, सोयाबीनही नाही. दोन्ही पिकं लोहाच्या बाबतीत नाजूक. बाजरी करा म्हटलं. मामा म्हणाले, "घरच्या तेलापुरता दहा गुंठे तरी करू दे की." तेवढ्यासाठी लिहून दिलं: पानं पिवळी दिसू लागताच दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, द्रावण ताजं करून सकाळी फवारायचं, आणि नवी पानं हिरवी येईपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा.