म्हण स्वरचित असल्याचे सिद्ध करताना

एका कथास्पर्धेसाठी मी बसवाहक आणि हट्टी प्रवासी यांची लघुकथा लिहिली. कथेचा शेवट सौजन्यावरील स्वरचित म्हणीने व्हावा, अशी अट होती. कथा एका बैठकीत झाली, पण म्हणीने मला इतके छळले की त्या परीक्षण समितीविषयीचा राग अजून पुरता गेलेला नाही.

कथा अगदी लहान आहे. गर्दीच्या बसमध्ये एक प्रवासी दाराच्या पायरीवर उभा राहतो. पायरीवर माणूस असताना गाडी सोडायची नाही, म्हणून वाहक निघण्याच्या दोन घंट्या देत नाही आणि आतून ओरडतो, "अरे, वर ये!" प्रवासी दांडी अधिकच घट्ट धरतो. बाकीचे प्रवासी त्याच्यावर तुटून पडतात, तसतसा त्याचा हट्ट वाढत जातो, कारण आता वर चढणे म्हणजे सगळ्यांसमोर हार मानणे झालेले असते. गर्दीत अडकलेल्या वाहकाच्या हे लक्षात येते आणि तो आवाज खाली आणून म्हणतो, "अहो, घंटीचे बटण तुमच्या बाजूला आहे, माझा हात पोहोचत नाही. जरा वर येऊन दार लावता का, आणि दोन घंट्या देता का?" प्रवासी वर येतो, दार लावतो आणि घंट्या देतो. म्हण कोणी उच्चारायची, हे मी आधीच ठरवले होते: खिडकीजवळच्या आजी. वाहकाने स्वतःच ती म्हटली असती, तर त्याच्या नम्रपणाचा डाव उघडा पडला असता.

पहिल्या मसुद्यात आजी म्हणत होत्या, "जिभेवर साखर, तर वाट मोकळी." कथा परत आली. सोबत एवढाच शेरा होता: "म्हण स्वरचित वाटत नाही." कोणता भाग जुना वाटला, तो कुठे आढळला, काहीही लिहिलेले नव्हते. जिभेवर साखर ठेवणे हा सर्वांच्या तोंडी असलेला प्रयोग आहे, हे खरे. पण तेवढे एक वाक्य लिहायला समितीला किती शाई लागली असती? मग मी अगदी कोरे वाक्य रचले: "सौजन्याने जे साधते, ते सक्तीने साधत नाही." या वेळी उत्तर आले, "ही म्हण नसून सुविचार आहे." तेही पुन्हा बरीच वाट पाहायला लावून.

चिडून मी जुन्या म्हणी समोर घेतल्या आणि त्यांची बांधणी तपासू लागलो. 'गर्वाचे घर खाली' यात क्रियापदच नाही. 'दाम करी काम' आणि 'बळी तो कान पिळी' यांत नाद जुळतो, शिवाय 'करी', 'पिळी' ही जुनी रूपे म्हणीला वापरून गुळगुळीत झाल्याचा भास देतात. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण तर माणसाविषयी बोलते, पण माणसाचे नावही घेत नाही. माझा सुविचार मात्र गुणाचे नाव घेऊन शिकवायला बसला होता. तेव्हा 'सौजन्य' हा शब्दच काढून टाकायचा, असे मी ठरवले.

पुढचा प्रयत्न होता, "दटावता अडे, विनवता पुढे." मोजमाप बरोबर बसले, नादही आला, पण माझा वाहक विनवणी करतच नाही, तो मान देतो. विनवणीत माणूस खाली वाकतो, आणि येथे तर दोघेही ताठ उभे राहूनच सुटतात. मग कथेतील दोन हाकाच पुन्हा वाचल्या, आणि म्हण तेथेच होती: "अरेला अडे, अहोला पुढे." दोन्ही अर्धे सारखे, 'अडे' हे जुने रूप, आणि दुसऱ्या अर्ध्यात क्रियापद गाळलेले. मला फार आनंद झाला, हे लपवत नाही.

पाठवण्याआधी मी ती कथेशिवायच काही वडीलधाऱ्यांना ऐकवली. ही कसोटी अवश्य घ्यावी: अर्थ न सांगता कळला पाहिजे, आणि "ही आम्ही ऐकली आहे" असे कोणी म्हणता कामा नये. एकाने 'अरेला कारे' आठवले. पण ते भांडणाचे उत्तर आहे आणि येथे भांडण मिटते, म्हणून मी म्हण बदलली नाही. आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधीच सांगायला हवी होती: म्हणीनंतर कथेत एकही वाक्य ठेवू नये. माझ्या मसुद्यात आजींचे बोलणे ऐकून वाहक हसत होता. ते हसू मी खोडले.

कथा स्वीकारली गेली. पत्रात या वेळीही एकच ओळ होती, आणि तिच्यासोबत म्हण स्वरचित असल्याचे घोषणापत्र पुन्हा भरून पाठवण्याची सूचना. जे मी पहिल्याच खेपेला सही करून जोडले होते.