आत्मकथनाचे मुखपृष्ठ: बालपणीचे छायाचित्र आणि एक प्रॉम्प्ट

माझ्या आत्मकथनाचे हस्तलिखित पूर्ण झाल्यावर मुखपृष्ठावर माझेच बालपणीचे छायाचित्र असावे असे ठरले, आणि चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून ते करून घेण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. छायाचित्र रंगीत आणि आडवे होते, 13 सेंटीमीटर रुंद आणि 9 उंच. पाच वर्षांची मी भिंतीसमोर उभी आहे, आणि माझ्या खांद्यावर उजव्या बाजूने आलेला थोरल्या भावाचा हात आहे, ज्याचा बाकीचा देह चौकटीबाहेर राहिलेला आहे. पुस्तक मात्र डेमी आकाराचे, म्हणजे साधारण 14 बाय 21.5 सेंटीमीटर उभे होते. आडव्या चित्रातून उभे मुखपृष्ठ काढायचे आणि त्यावर शीर्षकाला जागाही ठेवायची, हा खरा प्रश्न होता.

मूळ छायाचित्र जोडून ‘आत्मकथनाचे मुखपृष्ठ, जुना फिकट फोटो, शीर्षकासाठी जागा’ एवढेच लिहिले, तेव्हा जे चित्र आले ते पाहण्यासारखे होते. ‘मुखपृष्ठ’ या शब्दामुळे साधनाने टेबलावर ठेवलेले एक जाडजूड पुस्तकच काढले आणि त्यावर देवनागरीसारखी दिसणारी, पण वाचता न येणारी अक्षरे उमटवली. ‘जुना’ या शब्दामुळे सगळे चित्र एकसारखे तपकिरी झाले, त्यावर ओरखडे पडले आणि कडा फाटल्या. माझ्या छायाचित्रावर एकही ओरखडा नाही. आणि चेहरा माझ्यासारखा होता, पण माझा नव्हता: डोळे थोडे मोठे झाले होते आणि हनुवटीवरचा व्रण गुळगुळीत होऊन नाहीसा झाला होता. त्या व्रणावर पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे.

त्यावरून कामाची वाटणी ठरली. चेहऱ्याला साधनाने हात लावायचा नाही. त्याने फक्त जागा वाढवायची. छायाचित्र 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके येतील असे, स्कॅन केले आणि त्यातला 7 सेंटीमीटर रुंदीचा उभा भाग कापून घेतला. 7 सेंटीमीटरचे 14 होताना चित्र दुप्पट मोठे होते आणि 600 डीपीआयचे 300 उरतात, जे छपाईला पुरेसे असतात. 9 सेंटीमीटर उंचीचे 18 झाले, म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला सुमारे साडेतीन सेंटीमीटरच जागा रिकामी राहिली. माझ्या डोक्यावर मूळ छायाचित्रातच भिंतीचा दीड सेंटीमीटर भाग होता, त्याचे तीन झाले. दोन्ही मिळून पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शीर्षकाला मिळाला. देवनागरी शीर्षकासाठी एवढी उंची लागतेच, कारण वरच्या आणि खालच्या मात्रांमुळे दोन ओळी जवळ आणता येत नाहीत.

आडव्या बाजूने चित्र वाढवण्याचा मोह मी टाळला, आणि त्याचे कारण तो हात. उजवीकडे जागा वाढवायला सांगून पाहिले तेव्हा साधनाने त्या हाताला देह जोडला: मिशी असलेला, हसरा, कोणीतरी अनोळखी मोठा माणूस. माझा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. कादंबरीच्या मुखपृष्ठावर असा माणूस खपून गेला असता. आत्मकथनावर तो खोटा साक्षीदार ठरतो. म्हणून हात मनगटाशी कापलेलाच ठेवला आणि वाढ फक्त वरच्या, भिंतीच्या दिशेने केली.

रंगांबद्दल मात्र थोडे वाचावे लागले. त्या काळच्या अनेक रंगीत प्रतींमध्ये निळसर हिरव्या छटेचा, म्हणजे सायन, रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. मागे गुलाबी-लालसर झाक राहते आणि पांढरे भाग पिवळट होतात. माझ्या छायाचित्राचे नेमके हेच झाले होते. तपकिरी एकरंगी छटा ही वेगळ्या प्रकारच्या, कृष्णधवल छायाचित्रांची आठवण करून देते. त्यामुळे ‘जुना’ आणि ‘फिकट’ हे शब्द काढून, रंगांचे काय झाले आहे ते लिहायचे ठरवले. प्रॉम्प्ट अखेरीस असा झाला:

‘सोबतचे छायाचित्र आहे तसेच ठेवून फक्त त्याच्या वरची मोकळी जागा भरावी. तिथे तीच चुन्याची भिंत वर चालू राहावी. भिंत सलग, स्वच्छ आणि मोकळी असावी. प्रकाश मूळ चित्राप्रमाणे डावीकडून, मऊ. रंग मूळ चित्राशी जुळणारे: हलकी गुलाबी-लालसर झाक, पांढऱ्याऐवजी दुधाच्या सायीसारखा पिवळट रंग, काळ्याऐवजी गडद तपकिरी-राखाडी, छाया-प्रकाशातला फरक कमी. वरचा भाग सपाट आणि शांत असावा.’

यात ‘मुखपृष्ठ’, ‘शीर्षक’ आणि ‘अक्षरे’ हे शब्द कुठेच नाहीत, हे मुद्दाम आहे. ‘अक्षरे नकोत’ असे लिहिले तरी कधीकधी अक्षरे उमटतात, कारण नकार बाजूला पडतो आणि शब्द तेवढा लक्षात राहतो. त्यापेक्षा तिथे काय असावे ते सांगितलेले बरे. शीर्षक मी नंतर पानाच्या मांडणीत, नेहमीच्या फाँटमध्ये बसवले.

‘आहे तसेच ठेवून’ या सूचनेवर विसंबून राहता येत नाही, कारण अनेक साधने थोडा भाग बदलतानाही संपूर्ण चित्र नव्याने काढतात. तपासणीचा सोपा मार्ग असा: चित्रसंपादनाच्या प्रणालीत मूळ स्कॅन आणि आलेले चित्र एकावर एक नेमके जुळवून ठेवावे आणि वरचा थर खालच्यात मिसळण्याचा प्रकार ‘फरक’, म्हणजे ‘डिफरन्स’, असा निवडावा. जे बदललेले नाही ते काळे दिसते, जे बदलले ते उजळते. माझ्या चित्रात भुवया, ओठांचे कोपरे आणि फ्रॉकची लेस उजळली. म्हणून तयार झालेल्या चित्रातली फक्त भिंत घेतली आणि तिच्यावर मूळ स्कॅन ठेवून, डोक्याच्या वर काही अंतरावर त्याची कड मऊ विरवून टाकली.

तरीही सांधा दिसतच होता, आणि तो रंगामुळे नव्हे. खालच्या भागात जुन्या छायाचित्राचा बारीक रवा, म्हणजे दाणेदारपणा, होता आणि साधनाने काढलेली भिंत मेणासारखी गुळगुळीत होती. वरच्या भागावर तसाच हलका रवा घातल्यावर रेघ नाहीशी झाली. हे शंभर टक्के आकारात पाहिल्याशिवाय कळत नाही; पडद्यावर संपूर्ण पान पाहताना सगळे छानच वाटते.

फिकटपणाचा शेवटचा निर्णय कागदावर झाला. पडद्यावर सुंदर वाटणारी विरळ छटा नमुना छपाईत मळकट दिसली आणि मॅट लॅमिनेशनखाली आणखी दबली. त्यामुळे छाया-प्रकाशातला फरक पडद्यावर हवासा वाटतो त्याहून थोडा जास्त ठेवला, आणि शीर्षकाला गडद तपकिरी रंग दिला, जो अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रातही वाचता येतो. भावाला त्याचा कापलेला हात दाखवून होकार घेतला. संपादकांच्या सांगण्यावरून श्रेयपानावर एक ओळ वाढवली: ‘छायाचित्र लेखिकेच्या संग्रहातून, भिंतीचा वरचा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वाढवलेला.’ छापखान्याला फाइल देताना मूळ स्कॅन आणि वाढवलेली भिंत वेगवेगळ्या थरांतच ठेवली आहेत, म्हणजे पुढच्या आवृत्तीत आकार बदलला तर चेहऱ्याला न छेडता भिंत तेवढी पुन्हा करता येईल.