मोहरी तडतडताना

मसाल्याच्या जाहिरातीचं शूट होतं, पुण्यातल्या एका बंगल्याच्या स्वयंपाकघरात. दिग्दर्शकाला हवी होती फोडणी, तीही संथ, तेलाचा थेंब न् थेंब दिसेल अशी. मोहरीचा दाणा उडून खाली पडेपर्यंत फार तर अर्धा सेकंद जातो. तो सेकंदाला २०० फ्रेम्सवर टिपून २५ वर दाखवला, की पडद्यावर चार सेकंद मिळतात.

सकाळी नेहमीच्या वेगाचे शॉट झाले होते. तेव्हा शटर सेकंदाच्या ५०व्या भागाचं होतं. २०० फ्रेम्सना ते ४००व्या भागाचं करावं लागलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला आठपट कमी उजेड. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट, तेव्हा तीन स्टॉप गेले. शटर २००व्या भागावर ठेवून एक स्टॉप वाचवता आला असता. तसं करून पाहिलं, पण उडणारे थेंब रेघांसारखे ओढले गेले. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवायची, तर कढईच्या काळ्या भागात दाणेदारपणा उठत होता. मग लाईटदादांना म्हटलं, "मागचा लाईट आठ फुटांवर आहे ना, तो चारवर घ्या." अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, त्यामुळे दोन स्टॉप तिथेच भरून निघाले. उरलेल्या एका स्टॉपसाठी लेन्सचं अॅपर्चर आणखी उघडून ८ वरून ५.६ केलं. फोकस आणखी नाजूक झाला, पण दाणे उडायचे ते कढईच्या मध्यातूनच, त्यामुळे चाललं. लेन्सपुढे साधी काच लावली, नाहीतर तेलाने तिचे हाल झाले असते.

पहिला टेक मॉनिटरवर झकास दिसला, पण प्लेबॅकला कढईची कड लुकलुकत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. २०० फ्रेम्सना त्याचा हिशोब होतो एक फ्रेम उजळ, पुढची मंद. आमचा मागचा दिवा छोटा टंगस्टन होता. त्याची तार बारीक, ती लगेच थंडावते. त्या जागी फ्लिकर-फ्री एलईडी लावला, वरच्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि लुकलुक थांबली. आता शूटच्या आधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती पाहिल्याशिवाय मी तेल तापवूच देत नाही, ते यासाठीच.

यानंतर प्रश्न आला रिझोल्यूशनचा. आमच्या कॅमेऱ्यात फोर-के मिळतं ते १०० फ्रेम्सपर्यंतच. २०० ला फुल एचडी, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. सेन्सरवरून इतकी माहिती इतक्या वेगाने वाचून कार्डावर लिहायची तर कॅमेऱ्याची दमछाक होते. "फोर-केच करा, एडिटमध्ये जवळ जाऊ," दिग्दर्शक म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, जवळ जायचंय ते आत्ताच जाऊ." लेन्स पुढे नेली, कढईचा मधला वीतभर भागच चौकटीत घेतला. रुंद शॉट मात्र फोर-के १०० वर केला. तिथे दाणे लहान दिसत होते, चौपट संथ पुरलं.

टीव्हीची फिल्म एचडीतच जाणार होती, म्हणून सगळं बसलं. संध्याकाळी क्लायंटने त्याच फ्रेममधून होर्डिंगसाठी फोटो काढून मागितला. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे जेमतेम २० लाख पिक्सेल. मी स्टिल कॅमेरा काढला आणि स्वयंपाक्याला पुन्हा तेल तापवायला सांगितलं.