मावशींच्या पिशवीतली गोळी

"डॉक्टरीणबाई, परत तेच. खाज आणि अंगावरून पांढरं." चार महिन्यांत मावशी तिसऱ्यांदा समोर बसल्या होत्या. वय अठ्ठावन्न, पाळी जाऊन आठ वर्षं झालेली. मधुमेह होता, पण साखर आता आटोक्यात होती. आधीच्या दोन्ही खेपांना मी फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची 150 मिलीग्रॅमची एकेक गोळी देऊन त्यांना घरी पाठवलं होतं.

या वेळी नीट तपासलं. दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा स्राव योनीच्या भिंतींना चिकटलेला, वास नाही. बाहेरची कातडी मात्र लालभडक, चिरा पडलेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की "घाण जावी" म्हणून त्या दिवसातून तीनदा डेटॉलच्या पाण्याने आतून-बाहेरून धूत होत्या. वर मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम. असली मलमं चिठ्ठीशिवाय देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. खाज दोन दिवस दबते आणि बुरशी वाढतच राहते.

पीएचची पट्टी 4 वरच थांबली. काचपट्टीवर स्रावात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली कँडिडा बुरशीचे फाटे नि कळ्या स्वच्छ दिसल्या. निदान आधीचंच होतं. पण पाळी गेलेल्या बाईला हा त्रास सहसा होत नाही. मग हिलाच पुन्हा पुन्हा का?

लघवी तपासली. रक्तातली साखर 132, म्हणजे आटोक्यात, आणि तरी लघवीत साखर चार प्लस! मी त्यांना औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. त्यात डॅपाग्लिफ्लोझिन निघाली, पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेली. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. रक्त सुधारतं, पण त्या जागी बुरशीला रोजचा खुराक मिळतो. ही पिशवी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.

क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या रात्री आत ठेवायला दिल्या, दोन आठवडे. डेटॉल, मलम बंद. आतून धुवायचं नाही. लघवीनंतर बाहेरून साधं पाणी, मग हलकेच टिपून कोरडं करायचं, आतले कपडे सुती. ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास, फोड किंवा रक्त दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

साखरेची गोळी मी परस्पर बंद केली नाही. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती चांगली आहे, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "माझ्याकडे कितीतरी बायका ही गोळी घेतात. एकीनेही असली तक्रार केलेली नाही." त्यांनी लगेच गोळी बदलली, सज्जन माणूस.

फोन ठेवून मी मावशींना विचारलं, "त्यांना का नाही सांगितलंत?"

मावशींनी पदर तोंडाशी नेला. "पुरुषमाणूस ते. आणि त्यांच्याकडे तर मी साखरेसाठी जाते."