पाच जून की सहा मे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघतो. 2025 च्या एप्रिलअखेरीस फॉरवर्डरचा फोन आला, "सहा मेला कंटेनर लावायचाय ना? गाडी किती वाजता पाठवू?" मी लूमच्या खात्याकडे बघितलं. निम्मा माल अजून विणलासुद्धा नव्हता. आम्ही तर पाच जूनचा शब्द दिला होता.

जुनी मेल उघडली. मीच लिहिलं होतं, "Ex-factory 05/06/2025". आपल्यासाठी पाच जून, अमेरिकेतल्या खरेदीदारासाठी सहा मे, कारण तिकडे महिना आधी येतो. त्यानं सहा मे धरून जहाजात जागा ठेवायला सांगितली होती. चूक त्याची नव्हती आणि, मनाला लावून घ्यायचं नाही म्हटलं तर, माझीही नव्हती. पण बुकिंग बदलायचा खर्च आमच्याच माथी आला.

गंमत म्हणजे त्याच मेलला जोडलेल्या एक्सेलमध्ये त्याला तारीख बरोबर दिसत होती. एक्सेल खरी तारीख आत एका आकड्यात साठवतं आणि साधा फॉरमॅट ठेवला असेल, तर ती बघणाऱ्याच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे दाखवतं. त्यामुळे त्याच्या पडद्यावर 6/5/2025 आलं, म्हणजे त्याच्या हिशोबानं पाच जून. मेलमधला मजकूर मात्र टाइप केला तसाच राहतो. दोन्हींत ताळमेळ नव्हता, पण त्यानं मेलवर विश्वास ठेवला.

त्या रात्री बसून हिशोब घातला. तेरा तारखेपासून पुढं गोंधळ होत नाही, कारण तेरावा महिनाच नाही. पण प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी अकरा दिवस उलटसुलट वाचता येतात. म्हणजे वर्षातले 132 दिवस. म्हणूनच ही सवय वर्षानुवर्षं खपून जाते. बहुतेक मेली सुदैवानं 20 किंवा 28 तारखेच्या असतात.

आता महिना अक्षरात लिहितो आणि पुढं वारही घालतो. वाराचा फायदा असा की माझीच तारीख चुकली, तर वार जुळत नाही आणि समोरचा विचारतो.

तारखेनंतर आकड्यांकडे वळलो. नग आम्ही "1,50,000" असे लिहायचो. एका खरेदीदारानं विचारलं होतं, की शेवटी एखादा शून्य राहिलाय का? त्याला स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी बघायची सवय. मधे दोनच अंक दिसल्यावर त्याला तो आकडा तुटलेला वाटला. शिवाय "1.2 Cr" लिहिलं, की तिकडच्या अकाउंटवाल्याला ते क्रेडिट वाटू शकतं.

पण सगळ्यात भारी किस्सा जर्मनीचा. तिकडून "1.200 kg" ची मागणी आली. आपल्याकडं काट्यावर 1.200 म्हणजे एक किलो दोनशे ग्रॅम. डाइंग मास्तर म्हणाले, "साहेब, एवढ्यात सॅम्पलचे दोन-तीन टॉवेल होतील. कुरिअरनं पाठवा." मी पार्सल बांधायला सांगणारच होतो, तेवढ्यात त्याच मेलमधला भाव दिसला: 6,40. तिकडं टिंब हजाराचं आणि स्वल्पविराम दशांशाचा. मागणी बाराशे किलोची होती!

यातून एक नियम हाती लागला: टिंबानंतर तीन अंक कधीच ठेवायचे नाहीत. 1.850 डॉलर लिहिलं, की कुणीतरी ते अठराशे पन्नास वाचणार, 1.85 ला ती भीती नाही. हजारांसाठी स्वल्पविरामही नको, टिंबही नको, मोकळी जागा सोडायची. फक्त साध्या स्पेसनं आकडा दोन ओळींत फुटू शकतो, म्हणून वर्डमध्ये Ctrl+Shift+Space दाबून न तुटणारी जागा घालतो. आता प्रत्येक ऑर्डरच्या मेलमध्ये हे असं जातं:

```
Ex-factory: Thursday, 5 June 2025
Quantity: 150 000 pcs = one hundred fifty thousand
Price: USD 0.92 per pc
Total: USD 138 000.00
```

नुसतं डॉलरचं चिन्ह न टाकता USD लिहितो, कारण डॉलर ऑस्ट्रेलियाचाही असतो. अक्षरी आकडा मोठ्या रकमांना आणि नगांना देतो, प्रत्येक ओळीला नाही. नाहीतर मेल दस्तावेजासारखी दिसते.

मालक अजून लाख-कोटीतच बोलतात, आणि बोलावंच. ते "दोन कोटी चाळीस लाख" म्हणाले, की मी तोंडी मिलियन करत नाही. एकदा घाईत तेवढ्याच रकमेला 2.4 मिलियन लिहून बसलो होतो, म्हणजे दहापट कमी. आता आधी कागदावर पूर्ण आकडा लिहितो, 24000000, मग उजवीकडून तीन-तीन अंक सोडतो: 24 000 000. त्यानंतरच 24 मिलियन.

डाइंग मास्तर मात्र हल्ली माझ्या टेबलाशी येऊन प्रत्येक वजनाबद्दल विचारतात, "हे आपलं की जर्मनीचं?"