जन्मसाल २०००, वय अकरा

आमच्या चिरंजीवांच्या गेमच्या अ‍ॅपवरचं वय दुरुस्त करायचं, एवढंच काम होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

खातं उघडणं सोपं. त्याने खरं साल टाकलं तेव्हा ‘वय कमी आहे’ असं आलं. पठ्ठ्याने मागे जाऊन २००० टाकलं आणि आत शिरला. नकार दिल्यावर त्याच फोनवरून लगेच दुसरं साल स्वीकारणाऱ्या तपासणीला काय अर्थ? अ‍ॅप परदेशी, त्यामुळे त्यांची रेघ तेराची. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूल मानतो. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. पण अ‍ॅपच्या लेखी हा सव्वीस वर्षांचा बाप्या! त्याला झटपट कर्जाच्या नि वधूवर मंडळांच्या जाहिराती, प्रोफाइल सगळ्यांना खुलं, अनोळखी लोकांचे मेसेज.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, उडव की ते खातं!” उडवलं असतं तर दांडिया बाजारातून घरी पोहोचेपर्यंत त्याने २००० टाकून नवं उघडलं असतं.

मग अर्ज केला. वय वाढवायला काहीच लागलं नव्हतं. कमी करायला मात्र ओळखपत्र. मुलाचा आधार परक्या कंपनीला पूर्ण द्यायचा नव्हता, म्हणून आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवला. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, जन्मतारीख दिसते. (मोबाइल आधारला जोडलेला असेल तरच ओटीपी येतो, ते आधी बघा.) अपलोड केला, उत्तर आलं: कागद वाचता येत नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तक्रार केली तर तेच ठरीव वाक्य. मी चिडून संपूर्ण आधार पाठवायला निघाले होते. तेवढ्यात यजमान म्हणाले, “अगं, ती पीडीएफ कुलूपबंद आहे.” खरंच! ई-आधारला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. पासवर्ड टाकून उघडली, प्रिंटमधून पासवर्डविना नवी पीडीएफ केली, ती मान्य झाली.

आता पालकांची संमती. आली ती एका ईमेलवरच्या लिंकवर. तो ईमेल कुणाचा, कुणी विचारलं नाही; मुलाने स्वतःचाच दुसरा दिला असता तरी चाललं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत पालक म्हणवणारा माणूस खरोखर प्रौढ आहे का, हे तपासायला सांगितलंय, डिजिलॉकरमार्फतही. तो या मुलाचाच पालक आहे का, हे त्यानेही कळत नाही. शेजारचे काकासुद्धा चालून जातील.

जाहिराती बदलल्या, मेसेज बंद झाले. अर्ज करण्याआधी जुन्या डेटाची प्रत मागवून घ्या आणि जुना जाहिरातींचा इतिहास पुसायला वेगळं लिहा. वय बदललं तरी तो आपोआप पुसला गेला नव्हता.